१३४६ गुण गेले कुठे?

दहावीच्या गणित भाग १ चा, म्हणजे बीजगणिताचा पेपर ४० गुणांचा आणि दोन तासांचा. प्रकरणं सहा: दोन चलांतील रेषीय समीकरणे, वर्गसमीकरणे, अंकगणिती श्रेढी, अर्थनियोजन, संभाव्यता आणि सांख्यिकी. जानेवारीत पूर्वपरीक्षा होते, पेपर तपासून होतात आणि मग गणिताच्या शिक्षकांपुढे एकच प्रश्न उरतो: बोर्डाच्या परीक्षेपर्यंत हाताशी असलेल्या तासांत कोणतं प्रकरण पुन्हा घ्यायचं? खालचा संवाद ४० मुलांच्या एका वर्गाबद्दल आहे. वर्ग, त्याचे आकडे आणि बोलणारे दोघं बेतलेले आहेत. पेपरचा आराखडा मात्र बोर्डाचाच. बोलणाऱ्यांपैकी एक या शाळेत वर्षानुवर्षं गणित शिकवणाऱ्या बाई आहेत. दुसरे सर त्यांचेच माजी विद्यार्थी. त्यांनी पेपरचं प्रकरणवार विश्लेषण संगणकावर करून आणलं आहे.

सर : बाई, तक्ता तयार आहे. प्रत्येक उपप्रश्नापुढे प्रकरण लिहिलं, प्रत्येक मुलाचे गुण भरले आणि प्रकरणवार बेरीज घेतली. अर्थनियोजनात वर्गाचे ७० टक्के गुण गेलेत. नुसते गुण मोजले तर सांख्यिकी पहिली, २७० गुण गेले.

बाई : सांख्यिकीचं मला तक्ता न बघताही माहीत होतं. पेपर तपासताना हात दुखला माझा. आलेख काढलाय पण प्रमाण लिहिलेलं नाही, वर्ग सलग केलेले नाहीत. रविवारी सांख्यिकीचा जादा तास लावणार आहे मी.

सर : मग आपलं एकमत झालं.

बाई : थांब. सगळ्या प्रकरणांत मिळून गेलेले गुण किती?

सर : १३४६.

बाई : आणि मिळालेले?

सर : १०५४.

बाई : अरे, ४० मुलं, ४० गुण. वर्गाचा अख्खा पेपर १६०० गुणांचा. त्यातले १०५४ मिळाले आणि १३४६ गेले? बेरीज २४०० होते. वरचे ८०० कुठून आणलेस?

प्रकरणवार विश्लेषण करताना हा घोटाळा सहज होऊ शकतो, आणि ही एक बेरीज केली नाही तर तो ध्यानातही येत नाही. बीजगणिताच्या पेपरात पर्यायांसकट ६० गुणांचे प्रश्न छापलेले असतात. पहिल्या प्रश्नातले ८ गुण सक्तीचे. पुढे पाचांपैकी चार, चारांपैकी दोन, तिनांपैकी दोन असे पर्याय. प्रत्येक मुलाने २० गुणांचे प्रश्न सोडायचेच असतात, तो नियमच आहे. सरांच्या तक्त्याने ते २० गुणही गमावलेले धरले. ४० मुलांचे २० गुण म्हणजे ८००.

सर : म्हणजे खरे गेलेले गुण ५४६.

बाई : तुझ्या तक्त्यात सोडलेल्या प्रश्नाला काय भरलंयस?

सर : शून्य.

बाई : आणि सोडवून चुकलेल्याला?

सर : शून्यच. तेच नडलं. सोडलेल्या प्रश्नाचा रकाना रिकामा ठेवायला हवा होता. मग प्रत्येक प्रश्नाखाली एवढंच सूत्र पुरेल. दुसऱ्या ओळीत प्रश्नाचे कमाल गुण, खाली ४० मुलं.

```
=COUNT(D3:D42)*D$2-SUM(D3:D42)
```

`COUNT` रिकामे रकाने मोजत नाही, शून्य मात्र मोजतो. त्यामुळे ज्यांनी प्रश्न सोडवला त्यांचेच गेलेले गुण येतील.

नवा तक्ता असा निघाला. आकडे अख्ख्या वर्गाचे.

| प्रकरण | छापलेले | सोडवलेले | मिळाले | गेले |
|---|---|---|---|---|
| रेषीय समीकरणे | ४८० | ३५० | २५० | १०० |
| वर्गसमीकरणे | ४८० | ३८० | २२८ | १५२ |
| अंकगणिती श्रेढी | ३२० | २०० | १५० | ५० |
| अर्थनियोजन | ३२० | १३६ | ९६ | ४० |
| संभाव्यता | ३२० | १८० | १२० | ६० |
| सांख्यिकी | ४८० | २७० | २१० | ६० |

बाई : गेलेल्यांची बेरीज ४६२. अजून ८४ कमी पडतात.

सर : ते कोऱ्या जागेचे. पर्याय असूनही ज्यांनी हवे तेवढे प्रश्न सोडवलेच नाहीत, त्यांचे. ते कुठल्या प्रकरणाच्या नावावर टाकायचे?

बाई : कुठल्याच नाही. वेगळे ठेव. त्यातले बरेच चौथ्या-पाचव्या प्रश्नातले असणार, वेळ संपला म्हणून राहिलेले. ते दुखणं प्रकरणाचं नाही.

सर : मग तुमच्या सांख्यिकीचं काय करायचं? २७० पैकी ६० गेले. शेकड्याने काढलं तर सहा प्रकरणांत सगळ्यात कमी.

बाई : असं कसं होईल? सगळ्यात जास्त लाल खुणा तिथेच केल्या मी.

सर : खुणा जास्त केल्यात, गुण कमी कापलेत. प्रमाण लिहिलं नाही म्हणून अर्धा, अक्षावर नाव नाही म्हणून अर्धा. वर्गसमीकरणाच्या शाब्दिक उदाहरणात पान जवळजवळ कोरंच होतं, तिथे तुम्ही एक भोपळा काढून पुढे गेलात. त्या पानाने हात दुखला नाही, पण चार गुण गेले.

बाई थोडा वेळ गप्प बसल्या. तपासणाऱ्याला लक्षात राहतो तो त्याला पडलेला त्रास, आणि तो गुणांच्या प्रमाणात पडत नाही. रविवारचा सांख्यिकीचा तास इथेच रद्द झाला.

सर : म्हणजे वर्गसमीकरणे घ्यायची. ३८० पैकी १५२, चाळीस टक्के गुण गेलेत.

बाई : अख्खं प्रकरण? विवेचक, मुळांचं स्वरूप, मुळांवरून समीकरण, सगळं पुन्हा? प्रश्नवार दाखव आधी.

सर : पाच प्रश्न होते. बहुपर्यायी एका गुणाचा, त्यात ६ गुण गेले. अवयव पाडून सोडवायचं दोन गुणांचं, त्यात १२. विवेचकाची कृती, १०. सूत्राने सोडवायचं तीन गुणांचं उदाहरण २८ जणांनी घेतलं, तिथे ४६ गेले. आणि चार गुणांचं शाब्दिक २६ जणांनी घेतलं, तिथे १०४ पैकी ७८.

बाई : अर्ध्याहून जास्त एकाच उदाहरणात! तू त्याला वर्गसमीकरण म्हणतोस. उदाहरण वाच.

सर : एका आयताची लांबी रुंदीपेक्षा ७ मीटरने जास्त आहे, कर्ण १३ मीटर आहे, तर लांबी-रुंदी काढा. रुंदी x धरली तर लांबी x + 7.

```
x² + (x + 7)² = 13²
2x² + 14x − 120 = 0
x² + 7x − 60 = 0
(x + 12)(x − 5) = 0
```

x = −12 सोडायचं, रुंदी ५ आणि लांबी १२.

बाई : आता या २६ उत्तरपत्रिका काढ आणि कोण कुठल्या ओळीवर अडलं ते सांग. नुसते गुण नकोत.

उत्तरपत्रिका चाळायला अर्धा तास लागला. दोघांनी पूर्ण बरोबर सोडवलं होतं. आणखी दोघांनी −12 सोडायचं का ते लिहिलं नव्हतं, त्यांचा एकेक गुण गेला. चौघांनी समीकरण बरोबर मांडलं, पण (x + 7)² चा विस्तार x² + 49 असा केला. उरलेल्या १८ जणांचं समीकरणच बनलं नव्हतं. त्यातल्या चौघांना रुंदी x धरल्याचा एक गुण मिळाला होता, चौदा जणांना शून्य.

बाई : हे बघ, याने x + (x + 7) = 13 लिहिलंय. कर्ण म्हणजे काय ते सुचलंच नाही त्याला. इथे पायथागोरस हवा, तो भाग २ मधला. या मुलीने ‘सातने जास्त’चं 7x केलंय, ते सहावी-सातवीतलं. आणि (x + 7)² तर सातवीपासून लिहितायत. वर्गसमीकरण सोडवायची वेळ आलीच कुठे? तिथवर पोचले ते चौघंच, आणि चौघांनीही नीट सोडवलंय.

सर : म्हणजे प्रकरणाचं नावच चुकीचं लावलं मी.

बाई : नाव बरोबर आहे, प्रश्न त्याच प्रकरणातला आहे. पण नाव वाचून औषध दिलंस तर सूत्रं पाठ करून घेशील, आणि सूत्रं त्यांना येतात. सूत्राच्या उदाहरणात काय झालंय?

सर : 2x² − 7x − 15 = 0 होतं. बऱ्याच जणांनी b² − 4ac चं 49 − 120 केलं. c ऋण आहे हे विसरले. उत्तर −71 आलं आणि त्यांनी खाली ‘वास्तव मुळे नाहीत’ असं लिहून टाकलं. खरं तर 49 + 120, म्हणजे 169. मुळं 5 आणि −3/2.

बाई : विवेचक ऋण आला तर वास्तव मुळे नसतात, हे त्यांना बरोबर माहीत आहे. प्रकरण येतं, चिन्हं येत नाहीत.

सर : मान्य. पण मी दुसरं एक बघितलं. रेषीय समीकरणांत १०० गेले, त्यातले ५६ शाब्दिक उदाहरणातच. ७८ आणि ५६ मिळून १३४. दोन प्रकरणांत मिळून २५२ गेले, त्यातले निम्म्याहून जास्त शाब्दिक उदाहरणांत. एकेक उत्तरपत्रिका वाचून हे कळलं नसतं. म्हणून म्हणतो, तक्त्यात प्रकरणाशेजारी आणखी एक रकाना हवा: प्रश्नाचा प्रकार. कृती, थेट सोडवा, शाब्दिक, आलेख.

बाई : हं. तो रकाना मला चालेल.

या ‘चालेल’मध्ये पुष्कळ सामावलं होतं. पण इथवर दोघांनी अर्थनियोजनाकडे पाहिलंच नव्हतं. आधीच्या तक्त्यात ते ७० टक्क्यांनी पहिलं होतं, नव्यात १३६ पैकी केवळ ४० गुण गेलेलं, ठणठणीत दिसत होतं. सरांच्या मते आता तिथे वेळ घालवायचं कारण नव्हतं.

बाई : तुझा पहिला तक्ता खोटं बोलला, दुसराही बोलतोय.

सर : आता काय चुकलं? सोडलेल्या प्रश्नाचा गुण जात नाही, हे तुम्हीच दाखवलंत.

बाई : अर्थनियोजनाचं चार गुणांचं उदाहरण किती जणांनी घेतलं?

सर : आठ. दोन गुणांचं बारा जणांनी.

बाई : ते आठ कोण? ज्यांना येतं तेच ना. येणाऱ्यांनीच सोडवलं आणि त्यांना गुण मिळाले, यात प्रकरण वर्गाला येतं हे कुठे दिसलं? उरलेल्या ३२ जणांना येतं की नाही हे तुझा तक्ता सांगूच शकत नाही. सक्तीचे प्रश्न बघ. पहिल्या प्रश्नात अर्थनियोजनाचे एकेका गुणाचे दोन होते. ते सगळ्यांनी सोडवलेत.

सर : ८० पैकी ५२ मिळाले. २८ गेले, म्हणजे ३५ टक्के. आणि पर्यायातल्या प्रश्नांत ५६ पैकी ४४ मिळाले, गेले १२. खरंच, सक्तीच्या प्रश्नात हे प्रकरण चांगलं दिसत नाही.

बाई : तेवढ्यावर मी निकाल देणार नाही, दोनच प्रश्न आहेत. पण चौथा प्रश्न आठव. तिनांपैकी दोन सोडवायचे. तीन कोणते होते?

सर : रेषीय समीकरणांचं शाब्दिक, वर्गसमीकरणाचं शाब्दिक आणि शेअरचं.

बाई : शेअरचं टाळलं की उरतं काय?

माझ्या मते या सगळ्या बोलण्यातला कळीचा प्रश्न हाच. शेअरचं उदाहरण टाळणाऱ्याला आयताच्या कर्णाकडे जावंच लागतं, नाहीतर चार गुणांची जागा कोरी सोडावी लागते. सरांनी नावं ताडून पाहिली. आयताचं उदाहरण घेणाऱ्या २६ जणांपैकी एकानेही शेअरचं सोडवलेलं नव्हतं. अर्थनियोजन टाळल्याची किंमत तक्त्यात वर्गसमीकरणांच्या नावावर चढली होती. पर्याय असलेल्या कोणत्याही पेपरात असं होतं: जे प्रकरण मुलं टाळतात त्याच्या खाती नुकसान दिसतच नाही, ते शेजारच्या खाती जमा होतं.

सर : पण शेअरचं उदाहरण तर साधं अंकगणित आहे. बाजारभाव १२० रुपयांचे ५० शेअर, दलाली ०.२ टक्के, दलालीवर १८ टक्के जीएसटी. शेअरचे ६०००, दलाली १२ रुपये, तिच्यावर जीएसटी २ रुपये १६ पैसे. एकूण ६०१४ रुपये १६ पैसे. समीकरण नाही, चिन्हाची चूक व्हायची भीती नाही.

बाई : शब्दांची भीती आहे. दर्शनी किंमत, बाजारभाव, अधिमूल्य. घरात कुणी हे बोलत नाही. जीएसटी दलालीवर लावायचा की सहा हजारांवर, इथे निम्मी मुलं गोंधळतात. पण ही भीती दोन तासांत जाते. शाब्दिक उदाहरणातून समीकरण मांडणं दोन तासांत येत नाही.

सर : म्हणून अर्थनियोजन घ्यायचं? जिथे गुण सगळ्यात कमी गेलेत ते?

बाई : हो. कारण तिथे गुण परत मिळणं सोपं आहे. तू गेलेले गुण मोजलेस, मी परत येऊ शकणारे मोजते.

सर : ते मोजलेलं नाही, बाई, तो तुमचा अंदाज आहे. सांख्यिकीबद्दलही अंदाजच होता.

बाई : मग तपास. सगळ्यांना एक छोटी चाचणी दे, अर्थनियोजनाची, पर्याय न देता. ज्यांनी प्रश्न सोडला होता त्यांचेच गुण वेगळे काढ.

संभाव्यतेवर ते फार थांबले नाहीत, पण एक गोष्ट तेवढ्यात सापडली. तिथे १८० पैकी ६० गेले होते आणि त्यातले बरेच हुशार मुलांचे होते. वर्गातल्या पहिल्या दहा आणि शेवटच्या दहा मुलांचे गुण प्रश्नागणिक शेजारी मांडले, तर साधारणपणे पहिले दहा पुढे असतात. ज्या प्रश्नात ते पुढे नसतात, त्या प्रश्नाचं छापील वाक्य पुन्हा वाचावं. इथे ०, १, २, ३, ४ या अंकांपासून दोन अंकी संख्या बनवायच्या होत्या आणि ‘अंकांची पुनरावृत्ती न करता’ हे शब्द छपाईत गळाले होते. उत्तरसूचीत नमुना अवकाशात १६ घटक होते. १४ मुलांनी, बहुतेक वरच्या, पुनरावृत्ती धरून २० काढले होते आणि प्रत्येकाचे दोन गुण गेले होते.

बाई : प्रश्न आपणच चुकीचा छापला. पुनरावृत्तीला मनाई नसेल तर २० बरोबर आहेत. २८ गुण परत द्यावे लागतील.

सर : मग संभाव्यतेचे गेलेले ३२ उरतात. प्रकरण एकदम शेवटी जातं.

बाई : एका गळलेल्या वाक्याने प्रकरणाचा नंबर बदलतो. आठ गुणांत तीन-चार प्रश्न असतात, त्यावरून ‘वर्ग संभाव्यतेत कच्चा’ म्हणणं मला पटत नाही. रेषीय समीकरणांबद्दल बोलायला तरी बारा गुण आहेत.

सर : म्हणून घटक चाचणी आणि सहामाहीचे गुणही याच तक्त्यात जोडायचे आहेत मला. तीन पेपर मिळून प्रकरणागणिक प्रश्न पुरेसे होतील.

बाई : सहामाहीला निम्मी प्रकरणं झालीच नव्हती. आणि तेव्हाची मुलं आता तशीच राहिलीत का?

याचं उत्तर सरांकडे नव्हतं आणि बाईंनीही ते मागितलं नाही. हाताशी आठ तास होते. सरांना त्यातले पाच शाब्दिक उदाहरणांना हवे होते, कारण सर्वांत मोठा आकडा तिथला. बाईंना त्यासाठी तीन पुरेसे वाटत होते. उरलेल्या पाचांतले दोन तास त्यांना हवे होते अर्थनियोजनाला, एक चिन्हांना, दोन मुलांच्या हातात उत्तरपत्रिका देऊन कोण कुठल्या ओळीवर अडलं ते त्यांच्याकडूनच काढून घ्यायला. वाद मिटला नाही, पण शाब्दिक उदाहरणांचा तास कसा घ्यायचा यावर मात्र दोघांचं जमलं. फळ्यावर दहा उदाहरणं लिहायची, सहा रेषीय समीकरणांची, चार वर्गसमीकरणांची, क्रम मिसळलेला. एकही सोडवायचं नाही. x काय धरला ते लिहायचं, समीकरण मांडायचं आणि पुढच्या उदाहरणाकडे जायचं.

सर : तपासायला सोपं. प्रत्येकाला दोन गुण, एक x धरल्याचा, एक समीकरणाचा.

बाई : तपास तू. मी मागे उभी राहून बघणार, ‘ने जास्त’ आणि ‘पट’ यात पेन कुणाचं थांबतं ते. आणि त्या १४ जणांचे गुण आजच वाढव, उद्या सूचनाफलकावर यादी लागतेय.